एकाच पाळीत तेच काम दोनदा

पाळी सुरू झाली की कॉम्प्रेसर रूममध्ये जाऊन रीडिंग घ्यायचं, हे कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या माणसाचं ठरलेलं काम. हवेचा दाब किती, तापमान किती, तेलाची पातळी कुठे आहे, टाकीतलं पाणी निघतंय का. पूर्वी यासाठी भिंतीला चेकशीट अडकवलेलं असायचं, त्यात आकडे भरून सही केली की झालं. आता पुष्कळ कारखान्यांत चेकशीटची जागा टॅबने किंवा मोबाइलने घेतली आहे. सॉफ्टवेअरमध्ये एक नियम लिहून ठेवलेला असतो: अमुक मशीन, दर पाळीला, सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १० वाजता. वेळ झाली की काम आपोआप यादीत येतं. ऑपरेटर ते उघडतो, आकडे भरतो, टिक करतो.

मग एका आठवड्यात तक्रार येते, ‘काम डबल येतंय.’ त्याच मशीनचं, त्याच पाळीचं, तेच काम यादीत दोनदा. कधी तीनदा. यावर माणसं आपापल्या परीने मार्ग काढतात. कुणी दोन्ही कामं उघडून दोन्हींत तेच आकडे भरतो. कुणी एकच भरतो आणि दुसरं यादीत लाल होऊन पडून राहतं. सुपरवायझर ऑफिसात फोन करतो आणि तिथला कुणीतरी जास्तीची कामं पुसून टाकतो. तिघांचंही वागणं समजण्यासारखं आहे, पण तिन्हींनी नुकसान होतं. पहिल्यामुळे न घेतलेलं रीडिंग नोंदीत जातं. दुसऱ्यामुळे महिनाअखेरच्या रिपोर्टमध्ये निम्मी कामं राहिलेली दिसतात आणि बोल ऑपरेटरला लागतो. तिसऱ्यामुळे कारण शोधायचा पुरावाच नाहीसा होतो. हा तिसरा प्रकार मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण पुसलेली कामं पुढच्या पाळीला पुन्हा उगवतात आणि पुसणं हेच एक रोजचं काम होऊन बसतं.

दुबार काम कधीच आपोआप, उगाच येत नाही. ते कुठल्या क्षणी जन्माला आलं हे सॉफ्टवेअरने लिहून ठेवलेलं असतं, आणि बहुतेक वेळा त्या एका नोंदीवरून कारणापर्यंत पोचता येतं. ते कसं, हे बघण्यासाठी एक कारखाना डोळ्यासमोर आणू. तीन पाळ्या, रविवारी सुट्टी, तीन स्क्रू कॉम्प्रेसर. आपण फक्त दोन नंबरच्या कॉम्प्रेसरकडे बघू.

त्याआधी नियमांबद्दल थोडं. पुन्हा पुन्हा येणारं काम दोन पद्धतींनी ठरवता येतं. एक पद्धत घड्याळाची: दर पाळीला, दर सोमवारी, दर महिन्याच्या एक तारखेला. मागचं काम झालं की नाही याच्याशी तिचा संबंध नाही, वेळ झाली की नवं काम येणारच. दुसरी पद्धत काम संपण्यावर अवलंबून असते: मागचं झालं की तिथून मोजून पुढचं. टूडूइस्ट नावाचं कामाच्या याद्यांचं ॲप वापरणाऱ्यांना हा फरक ओळखीचा असेल. तिथे `every 3 days` लिहिलं तर तारखा ठरलेल्या राहतात, आणि `every! 3 days` असं उद्गारचिन्हासह लिहिलं तर काम ज्या दिवशी पूर्ण केलं तिथून पुढे तीन दिवस मोजले जातात.

कारखान्यात दोन्ही लागतात. तेल बदलायचं काम दुसऱ्या पद्धतीचं. तेल महिनाभर उशिरा बदललं, तर पुढची मुदत प्रत्यक्ष बदललं त्या दिवसापासून धरायला हवी. पाळीचं रीडिंग मात्र निखळ पहिल्या पद्धतीचं. सकाळच्या पाळीने रीडिंग घेतलं नाही म्हणून दुपारच्या पाळीचं चुकत नाही, आणि सकाळी उशिरा घेतलं म्हणून दुपारचं पुढे सरकत नाही. मेंटेनन्सच्या पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये नियम लिहिण्याच्या फॉर्मवर या दोन्ही सोयी असतात, आणि काही ठिकाणी त्या एकाच वेळी चालू ठेवता येतात. आपली गोष्ट इथेच सुरू होते.

शनिवारी संध्याकाळी आपल्या कारखान्यात कुणीतरी नियमात एक छोटा बदल केला. हेतू चांगला होता. पुढच्या पाळीच्या माणसाला आपलं काम आधीपासून यादीत दिसावं, म्हणून ‘काम पूर्ण होताच पुढचं तयार करा’ या ओळीसमोर खूण केली. घड्याळाची वेळ होती तशीच राहिली. सोमवारी दुपारपासून तक्रारी सुरू झाल्या.

ज्याला कारण शोधायचं आहे त्याने तीन कॉम्प्रेसर, तीन पाळ्या आणि सगळा आठवडा एकदम बघायला बसू नये. एक मशीन घ्यावं, एक दिवस घ्यावा आणि त्या दिवसाची कामं जन्मवेळेच्या क्रमाने लावावीत. डेटाबेस उघडता येत असेल तर एवढं पुरतं:

```sql
SELECT id, due_at, created_at, completed_at
FROM tasks
WHERE asset_id = 'COMP-02'
  AND due_at >= '2025-06-09'
ORDER BY created_at;
```

डेटाबेसला हात लावायची परवानगी नसेल तरी अडत नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमधून यादी एक्सेलमध्ये काढता येते. मात्र काढताना तयार झाल्याची वेळ सेकंदासह येते आहे ना, हे बघून घ्यावं. काही रिपोर्टमध्ये फक्त तारीख असते, आणि तेवढ्यावर इथे काहीच कळत नाही. सोमवारची यादी अशी निघाली. वेळा भारतीय आहेत आणि शेवटचा रकाना काम पूर्ण झाल्याचा आहे.

```
id    due_at       created_at       completed_at
4101  09 06:00     09 06:00:03      09 06:47:20
4108  09 14:00     09 06:47:20      09 15:10:41
4117  09 14:00     09 14:00:02      09 15:11:05
4126  09 22:00     09 15:10:41      -
4127  09 22:00     09 15:11:05      -
4139  09 22:00     09 22:00:02      09 23:20:16
4142  10 06:00     09 23:20:16      -
4143  09 22:00     10 00:00:03      -
```

दुपारी २ वाजताची दोन कामं बघा, ४१०८ आणि ४११७. यादीत ती जुळी दिसतात, पण त्यांच्या जन्मात सात तासांहून जास्त अंतर आहे. ४११७ दुपारी २ वाजून २ सेकंदांनी तयार झालं. हे घड्याळाचं काम. ४१०८ मात्र सकाळी ६ वाजून ४७ मिनिटं २० सेकंदांनी तयार झालं. त्या क्षणी काय घडलं? एक ओळ वर जाऊन शेवटचा रकाना वाचला की उत्तर मिळतं. सकाळच्या ऑपरेटरने ४१०१ वर टिक केली तो हाच सेकंद. रात्रीच्या पाळीची ४१२६ आणि ४१२७ ही कामंही अशीच, दुपारच्या दोन कामांवर ज्या सेकंदांना टिक झाली त्याच सेकंदांना जन्मलेली. एकदा जुळलं तर योगायोग म्हणता आला असता. चार वेळा सेकंदाला सेकंद जुळतं तेव्हा टिक हेच कारण.

याच यादीत आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. दुपारच्या पाळीतल्या दोन टिक्समध्ये २४ सेकंदांचं अंतर आहे. दुसऱ्यांदा कॉम्प्रेसरपाशी जाऊन दाब, तापमान आणि तेल बघायला तेवढा वेळ पुरत नाही. दुसऱ्या कामातले आकडे पहिल्यातून उतरवलेले आहेत. यात ऑपरेटरने लबाडी केली असं मी म्हणणार नाही. यादी रिकामी केल्याशिवाय पाळी सोडता येत नसेल तर दुसरं कोण काय करील? पण उद्या कॉम्प्रेसर बिघडला आणि कुणी जुनी रीडिंग्ज तपासायला बसलं, तर त्यातली निम्मी खरी नाहीत हे त्याला सांगणारं कुणी नसेल.

आता आकडे बघू. सकाळी ६ वाजता एक काम, दुपारी २ वाजता दोन, रात्री १० वाजता तीन. इथे ऐकणाऱ्याचा पहिला अंदाज असतो की हे असंच वाढत जाणार. पण मंगळवारी सकाळी कामं चार नव्हती, दोनच होती. त्यामुळे सगळे गोंधळले. ‘कधी दोन येतात, कधी तीन, काही नेम नाही’ अशी तक्रार पुढे गेली, आणि नेम नाही म्हटलं की माणसं शोधणं सोडून देतात.

नेम होता. प्रत्येक टिक पुढच्या पाळीसाठी एक काम तयार करते आणि घड्याळ स्वतःचं एक काम घालतं. म्हणजे पाळीच्या सुरुवातीला दिसणारी कामं म्हणजे मागच्या पाळीतल्या टिक्स, अधिक एक. सोमवारी सकाळी एक टिक झाली, म्हणून दुपारी दोन कामं. दुपारी दोन टिक्स झाल्या, म्हणून रात्री तीन. रात्रीच्या माणसाने तीनपैकी एकाच कामावर टिक केली आणि बाकीची सोडून दिली, म्हणून मंगळवारी सकाळी पुन्हा दोन. जो ऑपरेटर एकच काम करून बाकीची सोडतो, त्याच्यानंतरच्या पाळीत दोनच येतात. जो नेमाने सगळी संपवतो, त्याच्यानंतर दर वेळी एक वाढतं. रविवारी कुणीच नसतं, टिक होत नाही, म्हणून सोमवारी सकाळी सगळं सुरळीत दिसतं. सोमवारी सकाळी ऑफिसात बसून बघणाऱ्याला तक्रार खोटी का वाटते, त्याचं कारणही हेच.

अशी वाढ ओळखायला शिकणं उपयोगाचं आहे. कामं प्रत्येक पाळीला नेमकी दोनच येत असतील, कुणी टिक करो वा न करो, तर कारण टिक नव्हे. दोन जण तेच काम घालताहेत: दोन नियम, किंवा एकच नियम चालवणारी दोन यंत्रं. आणि कामं दोनची चार, चारची आठ अशी दुप्पट होत असतील, तर तयार झालेलं प्रत्येक काम नियमाची प्रत सोबत घेऊन जन्मतंय आणि स्वतः पुढची कामं तयार करतंय. हा प्रकार दिसला तर शोध नंतर, आधी नियम थांबवावा. तीन पाळ्यांच्या कारखान्यात दुप्पट होत जाणारं एक काम चार दिवसांत चार हजारांच्या वर जातं.

जन्मवेळेतल्या अंतराकडेही असंच बघावं. दोन कामं एकाच सेकंदात किंवा लागोपाठच्या सेकंदात जन्मली असतील आणि दोन्हींवर नियम क्रमांक एकच असेल, तर तो नियम दोन सर्व्हरवर एकाच वेळी चालतो आहे. सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरवर हलवलं आणि जुन्यावरचं वेळापत्रक बंद करायचं राहून गेलं, की हेच होतं. कुबरनेटिसवर वेळेची कामं चालवणाऱ्यांनी तर हे गृहीतच धरावं. त्याच्या क्रॉनजॉबच्या अधिकृत माहितीत साफ लिहिलं आहे की काही परिस्थितीत एका वेळेसाठी दोन जॉब तयार होऊ शकतात, म्हणून तो दोनदा चालला तरी बिघडू नये असाच लिहावा. अंतर दर वेळी बरोबर ३० किंवा ६० सेकंदांचं असेल, तर पहिला प्रयत्न यशस्वी होऊनही उत्तर वेळेत पोचलं नाही आणि दुसरा प्रयत्न आपोआप केला गेला. आणि नियम क्रमांकच वेगवेगळे असतील तर घड्याळाकडे बघायचंच नाही. कुणीतरी नियम बदलण्याऐवजी त्याची प्रत करून बदललेला आहे आणि जुना अजून चालू आहे, किंवा एक नियम मशीनवर आणि तसाच दुसरा पूर्ण कॉम्प्रेसर रूमवर लावलेला आहे.

आपल्या कारखान्यात कारण कळलं. ते खरं आहे की नाही हे ठरवायची पद्धत मात्र महत्त्वाची आहे. खूण काढायच्या आधी पुढे काय होईल ते लिहून ठेवायचं. बुधवारी सकाळी ११ वाजता ‘काम पूर्ण होताच पुढचं तयार करा’ ही खूण काढली. सकाळच्या ऑपरेटरने तोवर टिक्स केलेल्या होत्या, म्हणजे दुपारची जास्तीची कामं आधीच जन्मलेली होती. तेव्हा दुपारी २ वाजता दुबार कामं दिसणारच, आणि रात्री १० वाजता एकच दिसलं पाहिजे. हे आधी सांगितलं नाही तर दुपारी सुपरवायझरचा फोन येतो, ‘काही फरक पडला नाही’, आणि घाबरून कुणीतरी दुसरं काहीतरी बदलतं. मग नेमकं कशाने सुधारलं ते कधीच कळत नाही. अकरा तास धीर धरणं या कामात फार मोलाचं असतं.

दुपारी दुबार कामं दिसली. रात्री १० वाजता एकच. अंदाज खरा ठरला. पण गुरुवारी पहाटे यादी पाहिली तर रात्रपाळीत पुन्हा दोन कामं होती.

सोमवारच्या यादीतली शेवटची ओळ इथे परत वाचायला हवी. ४१४३. मुदत रात्री १० ची, जन्म मात्र रात्री १२ वाजून ३ सेकंदांनी. त्या सेकंदाला कुणीही टिक केलेली नाही. टिक्सचा हिशेब रात्री १० वाजता दिसणाऱ्या तीन कामांपाशी पूर्ण होतो, हे चौथं त्यात बसतच नव्हतं. पहिलं कारण सापडल्याच्या आनंदात अशी न बसणारी ओळ नजरेआड होते. म्हणून यादीतली प्रत्येक ओळ कुठून आली ते सांगता येईपर्यंत शोध संपला असं धरू नये. बहुतेक जुनाट तक्रारींत कारणं दोन असतात, आणि एक दुसऱ्याला झाकून ठेवतं.

मध्यरात्री काय होतं? हे सॉफ्टवेअर पाळीच्या वेळी एकदाच जागं होत नाही. दर पंधरा मिनिटांनी ते उठतं आणि बघतं: चालू पाळीचं काम आहे का? नसेल तर तयार करतं. ही सोय मुद्दाम ठेवलेली असते. रात्री १० वाजता वीज गेली आणि सर्व्हर बंद होता, तरी तो सुरू झाल्यावर काम येतं. पण ‘चालू पाळीचं काम आहे का’ हे शोधताना ते आजची तारीख आणि पाळीचं नाव बघतं. रात्री १० वाजता तारीख ९ आणि पाळी रात्रीची, काम नाही, म्हणून तयार केलं. रात्री सव्वादहा, साडेदहा, अकरा, प्रत्येक वेळी काम सापडलं. मग बारा वाजले. पाळी तीच, माणूस तोच, पण तारीख १०. दहा तारखेच्या रात्रपाळीचं काम यादीत नाही, म्हणून एक नवं तयार झालं. दोन्ही ओळींमधला पाळीच्या तारखेचा रकाना काढून पाहिला तर एकात ९ आणि दुसऱ्यात १० दिसते, आणि शंकेला जागा राहत नाही.

हेच जास्तीचं काम मध्यरात्रीऐवजी पहाटे साडेपाचला जन्मलेलं दिसलं तर कारण तेच, फक्त सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर नाही. पुष्कळ सर्व्हर जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतात. भारत त्याच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे सर्व्हरची मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला होते. त्या वेळी रात्रपाळी संपायला अर्धा तास बाकी असतो, आणि थकलेल्या माणसासमोर एक नवं काम येऊन उभं राहतं.

उपाय असा की रात्रपाळी ज्या तारखेला सुरू झाली, ती सबंध पाळी त्याच तारखेची धरायची. हजेरीत आणि पगारात पुष्कळ कारखाने असंच धरतात, सॉफ्टवेअरला मात्र ते कुणी सांगितलेलं नसतं. पहिली पाळी सकाळी ६ ला सुरू होत असेल तर हिशेब सोपा आहे. चालू वेळेतून सहा तास वजा करायचे आणि मग तारीख काढायची:

```sql
((now() AT TIME ZONE 'Asia/Kolkata')
  - interval '6 hours')::date
```

१० तारखेच्या रात्री सव्वाबारातून सहा तास गेले की ९ तारखेची संध्याकाळ उरते. पहाटे ५:५९ लाही तारीख ९ च राहते, आणि ६ वाजता ती १० होते. सर्व्हर कुठल्या घड्याळावर चालतो याचाही मग फरक पडत नाही.

इथे एक प्रश्न उरतो. दर पंधरा मिनिटांनी ‘काम आहे का’ असं बघणारं सॉफ्टवेअर दुपारी २ वाजता ४१०८ ला कसं चुकलं? ते तर सकाळपासून यादीत होतं. कारण टिकमुळे तयार होणाऱ्या कामांत मुदतीची वेळ भरली जात होती, पण पाळीची तारीख आणि पाळीचं नाव हे दोन रकाने रिकामे राहत होते. बघणाऱ्याने त्याच दोन रकान्यांत शोधलं आणि त्याला काही सापडलं नाही. खोलवरचं कारण ते हेच. काम तयार करण्याच्या दोन वाटा होत्या, आणि ‘तेच काम’ कशाला म्हणायचं यावर त्या दोघींचं एकमत नव्हतं. उद्या नियमाच्या फॉर्मवर कुणी पुन्हा ती खूण केली तर सगळं परत सुरू होईल.

म्हणून कामाची ओळख डेटाबेसमध्येच पक्की करावी लागते: हा नियम, हे मशीन, ही पाळीची तारीख, ही पाळी. या चौघांचा एक मेळ दुसऱ्यांदा येऊच द्यायचा नाही. पोस्टग्रेसमध्ये ते असं लिहितात:

```sql
CREATE UNIQUE INDEX one_task_per_shift
ON tasks (rule_id, asset_id, shift_date, shift_code);
```

काम घालणाऱ्या आज्ञेच्या शेवटी `ON CONFLICT DO NOTHING` जोडलं की दुसरा प्रयत्न चूक न दाखवता निमूट सोडून दिला जातो. दोन सर्व्हर एकाच सेकंदाला उठले तरी काम एकच राहतं. आधी बघून मग घालण्याच्या पद्धतीत ही खात्री नसते, कारण दोघांनीही एकाच क्षणी बघितलं तर दोघांनाही काम नाही असंच दिसतं.

पण ही आज्ञा चालवून निर्धास्त होणाऱ्यांना एक खाच ठाऊक असायला हवी. पोस्टग्रेस रिकाम्या रकान्याला दुसऱ्या रिकाम्या रकान्यासारखं मानत नाही. आपल्या ४१२६ आणि ४१२७ या कामांत पाळीची तारीख रिकामी आहे. त्यामुळे हा निर्बंध असतानाही ती दोन्ही बिनदिक्कत आत गेली असती. निर्बंध आहे, तो मोडलेला नाही, आणि तरी कामं दुबार, असं चित्र दिसलं तर सगळ्यांत आधी रिकामे रकाने शोधावेत. यावर साधा उपाय म्हणजे ते दोन्ही रकाने `NOT NULL` करणं. म्हणजे अपुरं काम घालणारी वाट पहिल्याच दिवशी चुकीचा संदेश देऊन थांबते आणि दुरुस्त करता येते. पोस्टग्रेस १५ पासून `NULLS NOT DISTINCT` असंही लिहिता येतं, पण मला रकाने भरायला लावणंच जास्त योग्य वाटतं.

आधीची दुबार कामं टेबलात पडलेली असताना हा निर्बंध लागतच नाही, आज्ञा नाकारली जाते. म्हणून आवराआवर आता, कारण समजल्यानंतर करायची. तीही पुसून नव्हे. प्रत्येक गटातलं एक काम मूळ म्हणून ठेवायचं. ज्यात प्रत्यक्ष घेतलेलं रीडिंग आहे ते, आणि दोन्हींत आकडे असतील तर आधी पूर्ण झालेलं. बाकीच्यांवर ‘दुबार’ असा शेरा आणि मूळ कामाचा क्रमांक लिहून ती वेगळ्या टेबलात हलवायची. मूळ कामांचे रिकामे रकाने त्यांच्या मुदतीवरून भरायचे. ४१२७ मुळे कुणाच्या नावावर काम राहिल्याची नोंद झाली असेल तर रिपोर्ट नव्याने काढून त्या माणसाला दाखवावा. ऑपरेटरचा विश्वास उडालेला असतो, आणि नुसतं ‘दुरुस्त झालं’ सांगून तो परत येत नाही.

या निर्बंधाने जे अडत नाही तेही सांगायला हवं. त्यात नियम क्रमांक धरलेला आहे, म्हणून कुणी नियमाची प्रत केली तर तिचा क्रमांक वेगळा, आणि दोन्ही नियमांची कामं सुखेनैव येत राहतात. क्रमांक वगळून फक्त मशीन आणि पाळी धरता येत नाही, कारण एकाच मशीनवर एका पाळीत रीडिंग आणि सफाई अशी दोन वेगळी कामं खरोखरच असतात. तिथे यंत्राचा इलाज चालत नाही. एकाच मशीनवर, एकाच वेळापत्रकाचे, मिळत्याजुळत्या नावाचे चालू नियम कोणते याची यादी महिन्यातून एकदा काढावी आणि ती मेंटेनन्सच्या माणसासमोर ठेवावी. ‘कॉम्प्रेसर २ रीडिंग’ आणि ‘कॉम्प्रेसर २ रीडिंग नवीन’ यांतलं कुठलं बंद करायचं, हे तोच सांगू शकतो.